घरात गळती झाली तर पाणी आपोआप बंद करणारे यंत्र : गावाकडच्या घरात कुठे आणि कसे बसवावे?

घरातले सगळे दोन दिवसांसाठी लग्नाला गेले. वरच्या मजल्यावरच्या गिझरचा कनेक्शन पाइप फुटला आणि खालच्या खोलीत रचलेली सोयाबीनची थप्पी भिजली. असे होऊ नये म्हणून आता फरशीवर ठेवायचे सेन्सर आणि पाणी स्वतःहून बंद करणारे व्हॉल्व्ह ऑनलाइन मिळू लागले आहेत. पण त्यांच्यासोबतच्या कागदात किंवा व्हिडिओत बहुतेक वेळा रस्त्यावरून घरात येणाऱ्या मुख्य नळावर व्हॉल्व्ह बसवलेला दिसतो. आपल्याकडे तसा बसवला तर त्याचा काडीचा उपयोग नाही, कारण आपले पाणी रस्त्यावरून थेट नळाला येत नाही. ते स्लॅबवरच्या टाकीतून येते.

एक घर धरू. स्लॅबवर १००० लिटरची टाकी आहे, बोअरची मोटर फ्लोटवर ऑटोमॅटिक आहे आणि गिझर वरच्या मजल्याच्या न्हाणीत आहे. फुटलेल्या पाइपातून मिनिटाला किती पाणी जाईल, हे बादली लावून कळते. न्हाणीचा नळ पूर्ण सोडल्यावर १५ लिटरची बादली दीड मिनिटात भरली, तर तो वेग मिनिटाला १० लिटर झाला. म्हणजे भरलेली टाकी १०० मिनिटांत रिकामी. नुकसान एवढ्यावर थांबले तर नशीबच म्हणायचे. टाकी उतरली की फ्लोट खाली येतो, मोटर सुरू होते आणि लाइट असेपर्यंत बोअर त्या फुटक्या पाइपाला पाणी पुरवत राहतो.

म्हणून व्हॉल्व्ह टाकीच्या आउटलेटवरच हवा. तो बंद झाला की टाकी भरते, फ्लोट वर येतो, मोटर थांबते. टाकीला दोन आउटलेट असतील, एक स्वयंपाकघराचे आणि एक न्हाणीचे, तर दोन व्हॉल्व्ह लागतील. पैसे एकाचेच असतील तर न्हाणीच्या लाइनवर बसवावा. सोलर हीटर असेल तर आणखी एक गोष्ट बघावी लागते. सोलरच्या टाकीत स्वतःचे शंभर-दोनशे लिटर गरम पाणी असते आणि त्याची लाइन वेगळी उतरते. त्या लाइनवर गरम पाण्याला चालणारा वेगळा व्हॉल्व्ह लागतो. आणि व्हॉल्व्ह बंद झाल्यावरही पाइपात असलेले पाणी पडणारच. एक इंची १० मीटर पाइपात साधारण ५ लिटर पाणी मावते, तेवढे धरून चालावे.

आता व्हॉल्व्ह कोणता, हा खरा मुद्दा. ज्यांच्या शेतात ठिबकचे ऑटोमेशन आहे त्यांच्याकडे सोलेनॉइड व्हॉल्व्ह पडलेले असतात. तेच टाकीला लावू, असे मनात येणे साहजिक आहे. पण ठिबकचा व्हॉल्व्ह पंपाच्या दाबावर चालतो. त्याच्या आतला रबरी पडदा हलायलाच पाण्याचा दाब लागतो आणि अशा बऱ्याच व्हॉल्व्हना किमान ०.२ ते ०.५ किलो दाब हवा असतो. १० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब १ किलो. टाकीच्या बुडाशी जेमतेम एक मीटर पाणी, म्हणजे दाब ०.१ किलो. एवढ्यावर तो नीट उघडत नाही, नळाला करंगळीएवढी धार येते, कधी अर्धवट अडकून बसतो. टाकीसाठी मोटरवर फिरणारा बॉल व्हॉल्व्हच घ्यावा. तो आपल्या कॉकसारखाच असतो, फक्त दांडा छोटी मोटर फिरवते आणि तिला पाण्याच्या दाबाची गरज नसते. शक्यतो हातानेही फिरवता येईल असा घ्यावा, नाहीतर मोटर बिघडली त्या दिवशी अंघोळीचे वांधे. स्लॅबवरच्या उन्हात प्लॅस्टिक लवकर तडकते, म्हणून त्यावर झाकण करावे.

विजेच्या बाबतीत दुकानदार ‘लाइट गेली की आपोआप बंद होतो, एकदम सेफ’ म्हणून एक प्रकार दाखवतात. दिवसातून चार वेळा लाइट जाणाऱ्या गावात त्याचा अर्थ चार वेळा नळ कोरडे. दोनच दिवसांत घरचे लोक वैतागून तो काढून टाकतील. त्यापेक्षा उघडायलाही वीज लागते आणि बंद करायलाही, मधल्या वेळात आहे तिथेच राहतो, असा प्रकार आपल्याकडे बरा. त्याला १२ व्होल्टची छोटी बॅटरी जोडावी. मोटर फिरते फक्त काही सेकंद, तिला फार करंट लागत नाही. बॅटरी खाते ती सेन्सरचा निरोप ऐकत दिवसरात्र जागी राहणारी डबी. डबीवर १०० मिलीअँपिअर लिहिलेले असेल तर ७ एएचची बॅटरी कागदावर ७० तास चालते. जुनी बॅटरी असेल तर निम्मेच धरावे.

निरोप वायफायवरून जात असेल तर वेगळीच अडचण. लाइट गेली की राउटर बंद, राउटर बंद की सेन्सर मुका. म्हणून सेन्सर थेट व्हॉल्व्हच्या डबीशी जोडलेला हवा, मोबाइलवरचा मेसेज ही वरची सोय समजावी. खात्री करायला राउटर बंद करून सेन्सर ओला करावा. व्हॉल्व्ह फिरला तर ठीक. डबी स्लॅबच्या वर आणि सेन्सर खाली असेल तर ही चाचणी दार लावून करावी, कारण सिमेंट-सळईच्या स्लॅबमधून सिग्नल कमी होतो.

सेन्सर म्हणजे दोन धातूचे टोक. मध्ये पाणी आले की त्यातून बारीक करंट वाहतो आणि अलार्म होतो. बोअरच्या क्षारयुक्त पाण्यात हे चटकन होते. म्हणूनच फरशी पुसतानाही तो ओरडतो, आणि न्हाणीच्या आत ठेवला तर रोजच्या अंघोळीला ओरडेल. आपल्या धरलेल्या घरात तो न्हाणीच्या उंबऱ्याबाहेर ठेवावा, पण दारासमोर नको. ओल्या पायांचे पाणी लागणार नाही असा फूटभर बाजूला. नेमकी जागा शोधायला उंबऱ्यावर तांब्याभर पाणी ओतून ते कुठे जाऊन थांबते ते बघावे. उतार डोळ्यांना दिसतो तसा नसतो. दुसरा सेन्सर पाण्याच्या फिल्टरखाली, तिसरा वॉशिंग मशीनमागे, एवढे बहुतेक घरांना पुरते.

खोटे अलार्म कमी करायला काही डब्यांत थोडा वेळ थांबण्याची सोय असते. ती ३० सेकंदांवर ठेवली तर पोछा फिरताना क्षणभर लागलेल्या ओलीला तो लगेच ओरडत नाही, आणि खरी गळती असेल तर त्या वेळात फार तर ५ लिटर पाणी जाते. तरीही कोरड्या फरशीवर अलार्म वाजत असेल तर टोकांवर साचलेला पांढरा थर बघावा. क्षार आणि धूळ दमट हवेत ओल धरतात. लिंबाच्या रसाने पुसून, स्वच्छ पाण्याच्या फडक्याने निपटून कोरडे करावे.

याच क्षारांमुळे बॉल व्हॉल्व्हही जाम होतो. महिन्यातून एकदा सेन्सर ओल्या फडक्यावर ठेवावा, व्हॉल्व्ह फिरतो का बघावे, आणि नळ सोडून धार खरोखर थांबते का तेही बघावे. नुसता मोटरचा आवाज आला म्हणजे बंद झाला असे नाही. सेन्सरमधला सेलही त्याच दिवशी तपासला जातो.

भिंतीतल्या पाइपची बारीक गळती मात्र यात पकडली जात नाही. पाणी फरशीवर आलेच नाही तर सेन्सरला कळणार कसे? त्यासाठी रात्री सगळे नळ आणि मोटर बंद करून टाकीतल्या पाण्याच्या पातळीवर खूण करावी आणि सकाळी ती बघावी.