आधी बाण, मग हात

आडव्या ठेवलेल्या धातूच्या दोन समांतर पट्ट्या, त्यांची डावी टोके एका रोधाने जोडलेली आणि पट्ट्यांवर उभी टेकवलेली, सरकू शकणारी एक दांडी. आकृतीभर फुल्या काढलेल्या असतात आणि दांडीजवळ उजवीकडे जाणारा एक बाण असतो. प्रश्न एका ओळीचा: दांडीतील विद्युतधारेची दिशा कोणती? विद्युतचुंबकीय प्रवर्तनावरच्या प्रश्नांमध्ये ही आकृती वेगवेगळ्या रूपांत पुन्हापुन्हा भेटते.

फुल्या चुंबकीय क्षेत्राच्या असतात. आपल्यापासून दूर, कागदाच्या आत जाणाऱ्या बाणाची मागची पिसे डोळ्यांना फुलीसारखी दिसतात, म्हणून फुली म्हणजे क्षेत्र कागदात शिरणारे. बाहेर येणाऱ्या बाणाचे फक्त टोक दिसते, त्यासाठी ठिपका काढतात. पण दांडीजवळच्या बाणाचा अर्थ आकृती पाहून कळत नाही, त्यासाठी प्रश्न वाचावा लागतो. तो वेगाचा आहे, बलाचा आहे की धारेचा, यावर पुढचे सगळे ठरते.

इंग्लिश अभियंते जॉन अॅम्ब्रोस फ्लेमिंग यांच्या दोन्ही नियमांत बोटांची वाटणी जवळपास सारखीच आहे. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट एकमेकांशी काटकोनात ताणायचे. तर्जनी क्षेत्राची, मधले बोट धारेचे. अंगठा डाव्या हातात बलाचा, तर उजव्या हातात वाहकाच्या गतीचा. हात निवडण्यासाठी एकच विचारायचे: बाहेरून काय दिले आहे? धारा दिली असेल आणि तिच्यामुळे बल निर्माण होत असेल, तर डावा हात. हे मोटरचे काम. दांडी कोणी ओढत असेल आणि त्या ओढण्यातून धारा उपजत असेल, तर उजवा हात. हे जनित्राचे काम.

आपल्या आकृतीत दांडी ओढली जात आहे, म्हणून उजवा हात. तर्जनी कागदात, अंगठा उजवीकडे. मधले बोट वर जाते. दांडीतील धारा खालून वर वाहते, वरच्या पट्टीवरून डावीकडे जाते आणि रोधातून खाली उतरते. म्हणजे परिपथात ती घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरते. इथे डावा हात वापरला, तर उत्तर नेमके उलटे येते. परीक्षेत हे बरेचदा घडते, कारण उजव्या हातात पेन असते आणि मोकळा हात आपोआप वर उठतो.

उत्तर तपासायलाही हाच हात चुकून उपयोगी पडतो. दांडीत आता धारा आहे आणि ती क्षेत्रात आहे, म्हणजे तिच्यावर बल लागणारच. ते शोधायला डावा हात: तर्जनी कागदात, मधले बोट वर, अंगठा डावीकडे. दांडी उजवीकडे ओढली जाते आणि बल तिला मागे खेचते. लेंझचा नियम हेच सांगतो: प्रवर्तित धारा आपल्या कारणाला विरोध करते. बल उजवीकडे आले असते, तर दांडी ओढल्याशिवाय आपोआप वेग घेत गेली असती, आणि ऊर्जा अक्षय्यतेच्या नियमाला ते मान्य नाही. डाव्या हाताने आलेला अंगठा गतीच्या उलट दिसला नाही, तर पहिली पायरी चुकली आहे असे समजावे.

आकड्यांनीही हे जुळते. क्षेत्र 0.5 टेस्ला, दांडीची पट्ट्यांमधील लांबी 0.2 मीटर आणि वेग सेकंदाला 2 मीटर धरला, तर तिघांचा गुणाकार 0.2 व्होल्ट येतो. परिपथाचा एकूण रोध 0.5 ओहम असेल, तर धारा 0.4 अँपिअर. मागे खेचणारे बल 0.04 न्यूटन भरते. त्या बलाविरुद्ध दांडी ओढण्यात दर सेकंदाला 0.08 जूल खर्च होतात, आणि रोधात उष्णता होऊन बाहेर पडते तीही तेवढीच.

दोन प्रकारच्या आकृत्या मात्र घात करतात. पहिलीत दांडी स्थिर असते आणि बाण चुंबकाच्या सरकण्याचा असतो. अंगठा वाहकाच्या गतीचा, आणि ती चुंबकाच्या मानाने मोजायची. चुंबक उजवीकडे सरकला, तर अंगठा डावीकडे धरावा लागतो. दुसरीत दांडीऐवजी तारेची पूर्ण चौकट एकसमान क्षेत्रात उजवीकडे सरकते. नियम लावला, तर डाव्या आणि उजव्या दोन्ही बाजूंत धारा वर जाताना दिसते. पण चौकटीत फिरताना या दोघी एकमेकींविरुद्ध आहेत, म्हणून धारा शून्य. चौकटीची उजवी बाजू क्षेत्राबाहेर पडली की फक्त डावी उरते आणि धारा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वाहू लागते.