एसीच्या नळीला डाख का चालत नाही?

स्प्लिट एसीतला गॅस दर उन्हाळ्यात कमी होत असेल, तर तो वापरून संपलेला नसतो. कुठून तरी गळत असतो. गळती बहुधा नळीच्या जोडापाशी सापडते. तिथे तेलकट डाग दिसतो आणि त्यावर धूळ चिकटलेली असते, कारण गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही थोडंथोडं बाहेर येतं.

हा जोड सोसतो काय, ते आधी पाहू. आर-३२ गॅसच्या एसीत भर उन्हाळ्यात गरम बाजूचा दाब ४०० पीएसआयच्या आसपास जातो. मोटारीच्या टायरमध्ये तो ३०-३५ असतो. कॉम्प्रेसरमधून निघणारी नळी हात भाजेल इतकी तापते आणि सतत थरथरते.

रेडिओच्या तारांना लावतात तो कथिल-शिशाचा डाख १८३ अंश सेल्सिअसच्या पुढेमागे वितळतो. काम सोपं, पण अशा तापत्या, थरथरत्या नळीवर हा मऊ धातू हळूहळू सरकतो, त्याला बारीक चिरा पडतात आणि गळती सुरू होते.

मग थेट वेल्डिंगच का करू नये? त्यात नळीचं तांबंच वितळवावं लागतं, तेही १,०८५ अंशांना. तांबं उष्णता झपाट्याने पसरवतं आणि घरगुती एसीच्या नळीची जाडी जेमतेम एक मिलिमीटर, बऱ्याचदा त्याहूनही कमी. जोड पूर्ण होण्याआधी नळीला भोक पडण्याचीच भीती जास्त.

म्हणून इथे ब्रेझिंग करतात. नळीतला गॅस आधी पूर्ण काढून घ्यायचा. एका नळीचं तोंड फुगवून, पॉलिश पेपरने घासलेली दुसरी नळी त्यात घट्ट सरकवायची. टॉर्चने जोड सगळीकडून सारखा, मंद लाल होईपर्यंत तापवायचा आणि मग तांबं-फॉस्फरसची कांडी टेकवायची. कांडी ज्योतीने नव्हे, तर नळीच्या उष्णतेने वितळली पाहिजे; तरच तो रस दोन नळ्यांमधल्या केसभर फटीत आपोआप ओढला जातो. तांब्याला तांबं जोडताना फॉस्फरसच फ्लक्सचं काम करतो. लोखंडी नळीला मात्र ही कांडी चालत नाही, जोड ठिसूळ होतो. तिथे चांदीची कांडी आणि वेगळा फ्लक्स लागतो.

खरी हयगय होते ती आतल्या बाजूला. तापलेल्या तांब्याला नळीतल्या हवेतला ऑक्सिजन लागला की आत काळी खपली धरते. असा जोड उभा कापला, तर बाहेरून चकचकीत आणि आतून काजळल्यासारखा दिसतो. ही खपली सुटून तेलाबरोबर फिरते आणि गाळणी किंवा बारीक कॅपिलरी नळी तुंबवते. ते टाळण्यासाठी ब्रेझिंग चालू असताना नळीतून नायट्रोजनचा मंद झोत सोडतात.

त्यामुळे मेकॅनिक आला की नायट्रोजनचा सिलिंडर आणलाय का, हे आधी विचारा. जोड झाल्यावर त्याच नायट्रोजनने दाब देऊन साबणाच्या फेसाने तपासणी आणि नंतर व्हॅक्यूम झाल्याशिवाय नवा गॅस भरू देऊ नका.