लोकलहोस्टचे दोन पत्ते : २०२१ ते २०२३

ऑक्टोबर २०२१ मध्ये नोडची १७ वी आवृत्ती आली आणि वर्षानुवर्षे बिनबोभाट चालणारा एक प्रोग्राम डेटाबेसच्या दारातून परत यायला लागला. मोंगोडीबी सुरू होती, पोर्ट तोच होता, कोडचे एक अक्षरही बदललेले नव्हते. पडद्यावर मात्र हे उमटे:

```
MongooseServerSelectionError: connect ECONNREFUSED ::1:27017
```

बहुतेकांची नजर `ECONNREFUSED` या शब्दावर थांबली आणि ते मोंगोडीबी पुन्हा पुन्हा सुरू करत बसले. खरी खूण त्यापुढच्या `::1` मध्ये होती. लोकलहोस्ट या नावामागे दोन पत्ते असतात. आयपीव्ही ४ चा `127.0.0.1` आणि आयपीव्ही ६ चा `::1`. दोन्ही याच यंत्राकडे येतात, पण एका पत्त्यावर ऐकणारा सर्व्हर दुसऱ्यावर आपोआप ऐकत नाही. ज्या पत्त्यावर कुणी ऐकत नाही तिथून कर्नल लगेच नकार पाठवतो. म्हणूनच जोडणीचा प्रत्येक प्रयत्न वाट न पाहता, क्षणार्धात फसतो.

मोंगोडीबी फक्त जुन्या पत्त्यावर ऐकत होती, यालाही इतिहास आहे. २०१७ च्या जानेवारीत इंटरनेटवर उघडे पडलेले हजारो मोंगो डेटाबेस पुसून खंडणी मागितली गेली. त्याच वर्षाच्या अखेरीच्या ३.६ आवृत्तीपासून, वेगळे काही सांगितले नाही तर तिने फक्त लोकलहोस्टवरच ऐकायचे, असे ठरले. आयपीव्ही ६ मात्र मुळातच बंद. ते मुद्दाम चालू करावे लागते.

दुसरी बाजू नोडची. नावावरून पत्ते काढून घेतल्यावर नोड आधी स्वतःच त्यांची रांग बदलत असे आणि आयपीव्ही ४ ला पुढे आणत असे, कारण आयपीव्ही ६ चे जाळे अनेक ठिकाणी नावापुरतेच होते. १७ मध्ये ही ढवळाढवळ थांबली. ऑपरेटिंग सिस्टिम ज्या क्रमाने पत्ते देईल तोच क्रम. मॅकसारख्या अनेक यंत्रांवर त्या क्रमात `::1` आधी येतो. आणि नोड फक्त पहिलाच पत्ता उचलत असे. तिथे नकार मिळाला की दुसऱ्याकडे वळतच नसे.

लोक बुचकळ्यात पडले ते इथे. `mongosh` व्यवस्थित जोडले जाई, कारण ते स्वतःहून `127.0.0.1` वर जाते. `curl` ला लोकलहोस्ट दिला तरी ते `::1` वर नकार खाऊन पुढचा पत्ता आजमावते. ब्राउझरही तसेच. मग दोष आपल्याच प्रोग्रामचा, असे वाटणारच. लिनक्सवर हा गुंता एका आज्ञेने सुटतो:

```
$ ss -ltn | grep 27017
LISTEN 0 4096 127.0.0.1:27017 0.0.0.0:*
```

ओळीत `127.0.0.1` आहे, `[::1]` कुठेच नाही. निदान झाले.

उपाय मात्र सगळे सारखे नव्हते. जोडणीच्या ओळीत लोकलहोस्टच्या जागी `127.0.0.1` लिहिणे हा सर्वांत स्वच्छ. मंगूजमध्ये `family: 4` देता येते. `--dns-result-order=ipv4first` ने जुना क्रम परत येतो, पण तो त्या प्रोग्रामच्या सगळ्याच जोडण्यांना लागू होतो. वाईट उपाय म्हणजे घाईने सर्व्हरला `0.0.0.0` वर ऐकायला लावणे. त्याने `::1` चा नकार तसाच राहतो, वर डेटाबेस बाहेरच्या जाळ्याला उघडा पडतो. २०१७ ची आठवण असणारा कुणी हे करणार नाही.

१७ वी आवृत्ती अल्पायुषी होती. दीर्घकालीन पाठबळ असलेल्या १८ वर लोक २०२२ मध्ये सरकू लागले, तेव्हा हीच चूक नव्याने भेटली. शेवटी एप्रिल २०२३ च्या २० व्या आवृत्तीत नोड एकामागून एक पत्ते स्वतःहून आजमावू लागले: एकाने नकार दिला की लगेच पुढचा, आणि गप्प राहिला तर पाव सेकंदाने पुढचा. आता दोन्ही पत्त्यांनी नाकारले तर `AggregateError` येतो. त्याचा संदेश अनेकदा रिकामा असतो. पत्ते आतल्या `errors` यादीत शोधावे लागतात.

ही सोय जोडणी करणाऱ्यापुरती आहे. नोडच्या सर्व्हरलाच लोकलहोस्टवर ऐकायला सांगितले तर तो आजही एकच पत्ता धरतो. तो `::1` निघाला, तर `127.0.0.1` वर येणाऱ्याला नकार मिळतो.

क्रम बदलण्याचा निर्णय माझ्या मते बरोबर होता. नोडने कायम जुन्याच पत्त्याला झुकते माप देण्यात अर्थ नव्हता. पण पुढचा पत्ता आजमावण्याची सोय त्याच्यासोबतच यायला हवी होती. ती दीड वर्ष उशिरा आली.