तोफ हळू वाजते

पहाटे ५.३०
कराडमधलं दोन खोल्यांचं घर. गॅसवर पाणी तापतंय. सर मिठाच्या कोमट पाण्याने गुळण्या करतात. फेब्रुवारी म्हणजे शिवजयंतीचा हंगाम, आणि या आठवड्यातलं हे पाचवं व्याख्यान. विषय बाजीप्रभू. दुपारपर्यंत सर कामापुरतंच बोलणार.

सकाळी ८.००
शंभरपानी वही उघडते. चाळीस मिनिटं खाली सतरंजीवर बसून सर फक्त शेवटची तीन मिनिटं घासतात. पन्हाळ्याचा वेढा, १२ जुलै १६६० ची रात्र, पाऊस, मग घोडखिंड. खिंडीपर्यंत वाक्यं सात-आठ शब्दांची. तिथून चार शब्दांची. मग दोनच. ‘फळी आली. अडवली. पुन्हा आली. अडवली.’ उजव्या हाताचं बोट गुडघ्यावर ठेका धरतं. ऐकताना माझ्या लक्षात येतं, जीभ फारशी वेगात नाहीच. वाक्यं आखूड होतायत आणि मधल्या जागा बुजतायत, म्हणून वेग वाढल्यासारखा वाटतो. जीभच पळवली तर जोडाक्षरं खाल्ली जातात आणि मागच्या रांगेला नुसता गोंगाट ऐकू येतो.

मग एक वाक्य खोडतात. ‘विशाळगडावरून तोफेचा आवाज ऐकू येताच बाजींनी समाधानाने डोळे मिटले.’ हळू आवाजात हे वाक्य मरतं. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि श्वासही शेवटीच संपतो. बाजींचं काय झालं तेच लोकांपर्यंत पोचत नाही. त्याजागी लिहितात, ‘तोफ झाली. बाजींनी ऐकली.’

दुपारी २.१५
एसटीत खिडकीची जागा. तिकीट पासष्ट रुपये. मफलर गळ्याभोवती, धूळ नको म्हणून. स्टँडवरचा दहा रुपयांचा चहा टाळून पिशवीतल्या बाटलीतलं पाणी पितात. मी विचारतो, तोफ म्हटल्यावर सगळे वक्ते ओरडतात, तुम्ही का नाही? सर बराच वेळ बाहेर बघतात. ‘तोफ लांब आहे हो. गडावर. आणि ऐकणारा माणूस जखमांनी भरलाय. त्याच्या कानाला ती किती येईल?’ तोफेची गोष्ट परंपरेने आलेली आहे, म्हणून आधी ‘असं सांगतात’ हे शब्द ते न चुकता घालतात.

मला हे उत्तर फार मोलाचं वाटलं. तोफेपर्यंत श्रोते खिंडीबाहेर उभे राहून लढाई बघत असतात. आवाज उतरला की ते बाजींच्या कानापाशी येतात.

संध्याकाळी ६.१०
शाळेचं पटांगण. साउंडवाला पोरगा वायर सोडतोय. सर खिशातून सुती रुमाल काढून माइकची जाळी पुसतात.
‘भावा, एको पूर्ण काढ. आणि शेवटी मी हळू बोलीन, तेव्हा आवाज वाढवू नकोस.’
‘ऐकू नाही आलं तर, सर?’
‘मीच जवळ येईन.’
एरवी माइक ओठांपासून वीतभर. उतरताना चार बोटं. जवळ आल्यावर आवाजाचा खर्ज भरतो, त्यामुळे हळू असूनही पोचतो. मागे एका गावात ऑपरेटरने नेमकं तेव्हाच बटण वर ढकललं होतं. कर्णा किंचाळला, पोरं हसली, बाजी गेले.
जनरेटर स्टेजमागे धडधडतोय. सर तो वायरीच्या लांबीइतका दूर न्यायला लावतात.

रात्री ८.०५
सुरुवात बेताच्या आवाजात. पुढे चढायचं असेल तर वर जागा ठेवावी लागते. वीसेक मिनिटांनी टाळ्या येतात. सर त्या वाढू देत नाहीत, लगेच पुढचं वाक्य टाकतात.

रात्री ८.५२
खिंड. बोट मांडीवर ठेका धरतं. चार शब्द, तीन, दोन. मानेची शीर फुगलेली. आवाज पार वर. पुढच्या रांगेतला म्हातारा टोपी हातात घेतो.

आणि थांबतात.

मी बाजूने बघतोय. श्वास संपलेला नाही, छाती अर्धी भरलेलीच आहे. रिकाम्या छातीने हळू बोलायला गेलं की आवाज थरथरतो, नाहीतर नुसती कुजबुज होते, आणि कुजबुज तिसऱ्या रांगेपलीकडे जात नाही. नाकाने एक लहान श्वास. एक पाऊल पुढे. चार बोटं.

‘तोफ झाली.’

लांबवर कुत्रं भुंकतं. पोराचा हात बटणावर आहे, पण हलत नाही. भिंतीपाशी उभी असलेली माणसं पुढे झुकतात. तेवढ्यावरून कळतं, शब्द तिथवर पोचला.

‘बाजींनी ऐकली.’

रात्री ९.४०
पाकीट. प्रवासखर्च धरून पाच हजार. सर न मोजता पिशवीत ठेवतात. पोरगा वायर कोपरावर गुंडाळत जवळ येतो.
‘सर, मी वाढवणार होतो.’
सर गळ्याकडे बोट दाखवून नुसते हसतात, त्याच्या खांद्यावर थोपटतात आणि मफलर बांधतात. उद्याची गाडी सव्वासहाची.