तोरणाचा वाकलेला खिळा

दारावर तोरण बांधायला ठोकलेला खिळा बहुतेक वेळा वाकतोच. स्टुलावर उभं राहून, हात डोक्यापेक्षा उंच धरून, तिरक्या कोनातून हातोडी मारली की घाव खिळ्याच्या डोक्यावर सरळ बसत नाही. त्यात चौकट जुन्या सागवानाची असेल तर लाकूड घट्ट असतं. खिळा अर्धा आत जातो आणि उरलेला अर्धा आडवा होतो. मग घरातलं कुणीतरी पक्कड घेऊन तो उपटायला जातं. खिळा निघतोही, पण पॉलिश केलेल्या पट्टीवर चंद्रकोरीएवढा एक खड्डा कायमचा राहतो.

तो खड्डा खिळ्यामुळे पडत नाही, खिळा काढणाऱ्या हत्यारामुळे पडतो. कसा पडतो हे एकदा कळलं की तो टाळायला एक हातोडी आणि फळीचा एक तुकडा पुरतो.

हातोडी म्हणजे एका बाजूला ठोकायचं तोंड आणि दुसऱ्या बाजूला मधे चीर असलेली दोन वाकडी नखं असलेली. दुकानात तिला क्लॉ हॅमर म्हणतात. नखांच्या चिरेत खिळा अडकवायचा, दांडा उलट बाजूला ओढायचा, म्हणजे हातोडीचं डोकं लाकडावर टेकून लोळतं आणि खिळा वर येतो. शाळेत शिकलेली तरफ ती हीच. हाताचं टोक टेकूपासून सुमारे ३० सेंटीमीटर दूर, खिळा टेकूपासून जेमतेम तीन. म्हणजे हातानं लावलेला जोर खिळ्यापाशी दहापट होतो.

आता आपला तोरणाचा खिळा घेऊ. दोन इंची, म्हणजे पाच सेंटीमीटर लांब आणि अडीच मिलिमीटरहून थोडा जाड. निम्मा सागवानात, निम्मा बाहेर. असा खिळा सरळ ओढून काढायला सुमारे ८० किलो वजनाइतका जोर लागतो. पॅकिंगच्या खोक्याच्या हलक्या पाइनमधून तोच खिळा त्याच्या निम्म्या जोरात निघेल, कारण लाकूड जितकं घन तितकी त्याची पकड फार वेगानं वाढते. तरफेमुळे आपल्या हाताला आठेक किलोच जाणवतात, म्हणून काम सोपं वाटतं. फसगत होते ती इथेच. खिळा हातोडीला ८० किलोनं लाकडाकडे खेचतो आहे, तेव्हा हातोडीचं डोकंही लाकडाला तितक्याच जोरानं दाबतं आहे. ते डोकं गोलसर असल्यामुळे त्याचा स्पर्श एका बारीक रेषेपुरता, अर्ध्या चौरस सेंटीमीटरचाही नसतो. एक मोठा माणूस बोटाच्या नखाएवढ्या जागेवर उभा राहिला तर लाकडाचं जे होईल ते इथे होतं. आडव्या तंतूंना इतका दाब सोसत नाही, ते चेपले जातात.

मधे नऊ बाय पाच सेंटीमीटरचा सपाट ठोकळा ठेवला की तेच ८० किलो ४५ चौरस सेंटीमीटरवर पसरतात. दर चौरस सेंटीमीटरला दोन किलोही येत नाहीत. तेवढ्यानं सागवानाला काहीच होत नाही. खड्डा पडतो तो ठोकळ्यावर, आणि ठोकळा त्यासाठीच असतो.

ठोकळ्याचं दुसरं काम मात्र कमी लोकांच्या लक्षात येतं. खिळ्याचं डोकं पृष्ठभागापासून अडीच सेंटीमीटर वर आहे आणि हातोडी लाकडावरच टेकली आहे, तर नखं त्या डोक्याखाली पोचेपर्यंत हातोडी आधीच बरीच कलंडलेली असते. ती लोळत गेली की टेकूची जागा खिळ्यापासून दूर सरकते, तीनाचे पाच-सहा सेंटीमीटर होतात आणि जोर निम्मा उरतो. शिवाय नखं वर्तुळाच्या कमानीत फिरतात. टेकूच्या पातळीत असताना ती खिळ्याला सरळ वर नेतात, पण त्याहून उंच गेली की स्वतःकडे ओढू लागतात. खिळा कलतो, पुन्हा वाकतो आणि भोकाची एक कड कुरतडत बाहेर येतो. ठोकळ्यानं टेकू उचलून खिळ्याच्या डोक्याच्या जवळपास आणला, की पहिला झटका सरळ बसतो. तेव्हा ठोकळ्याची जाडी अंदाजानं घेऊ नये. बाहेर राहिलेल्या खिळ्याच्या उंचीपेक्षा ती पाच-सात मिलिमीटर कमी असावी, एवढ्यासाठी की नखं डोक्याखाली शिरतील. आपल्या खिळ्याला १८ ते २० मिलिमीटरचा ठोकळा बरोबर होईल. १८ मिलिमीटरच्या प्लायवूडचा तुकडा कुठल्याही फर्निचरच्या दुकानात मागितला तर फुकट मिळतो.

त्या तुकड्याच्या एका टोकाला मधोमध करवतीनं दीड सेंटीमीटर खोल आणि चार मिलिमीटर रुंद खाच पाडली, तर तो खिळ्याच्या दोन्ही बाजूंनी बसतो. हे आवश्यक नाही, पण मला ते फार उपयोगी वाटतं. खाच नसली तर लोक ठोकळा खिळ्यापासून थोडा लांब ठेवतात आणि मग हातोडी त्याच्या कडेवरच टेकते. सगळा भार कडेवर आला की ती लाकडात रुतते आणि खड्ड्याऐवजी एक सरळ रेघ उमटते. ठोकळा वापरूनही खूण राहिली, असं सांगणाऱ्यांची बहुधा हीच चूक झालेली असते. म्हणून खालच्या चारही कडा पॉलिश पेपरनं गोल कराव्यात. तळ पुसून घ्यावा, कारण खाली अडकलेला वाळूचा एक कणही पॉलिशमध्ये रुतून बसतो. पातळ पुठ्ठा खाली घातला तर उत्तम. कापड मात्र जाड नको, त्यावर ठोकळा घसरतो.

पण वाकलेला खिळा असा लगेच ओढता येत नाही. वाकण भोकाच्या तोंडाशी असतं आणि तसाच ओढला तर ते गळासारखं कड फाडत येतं. आधी त्याला उभं करायचं. आडवा झालेला भाग पृष्ठभागाला चिकटून असेल तर त्याच्याखाली काहीतरी सारावं लागतं. डब्याच्या पत्र्याची पट्टी आधी लाकडावर ठेवावी, तिच्यावरून जुना पेचकस किंवा बोथट पटाशी आत घालावी आणि डोकं हळूहळू उचलावं. पत्रा नसला तर पेचकसाचं टोक लाकडात शिरतं. बोट जाईल एवढी फट झाली की पक्कड वाकणाच्या जितकी जवळ धरता येईल तितकी धरून खिळा उभा करावा.

एकाच दमात तो सरळ व्हायला हवा. खिळ्याचं पोलाद मऊ असतं, पण एकदा वाकलेल्या जागी ते कडक होतं आणि मागेपुढे केलं तर तुटतं. गंजलेल्या खिळ्याला दोन-तीन हेलपाटेही पुरतात. वरचा भाग थोडा नागमोडी राहिला तरी हरकत नाही. लाकडातून बाहेर पडतानाचा पहिला सेंटीमीटर पृष्ठभागाशी काटकोनात असला की पुरे.

जुना, गंज चढलेला खिळा असेल तर ओढण्याआधी त्याला एक हलका ठोका मारून केसभर आत सारावा. हे उलटं वाटतं, पण गंजानं लाकडाशी केलेली चिकटण ठोक्यानं तुटते. सर्वात जास्त जोर पहिली हालचाल होईपर्यंतच लागतो. ‘कर्र’ असा आवाज आला की खिळा सुटला असं समजावं.

आता ओढायचं कुठल्या दिशेला? चौकटीची वरची पट्टी साधारण चार बाय अडीच इंचाची असते. दर्शनी बाजू रुंद असो की अरुंद, खालची कड जवळच असते. स्टुलावर उभं राहून दांडा खाली खेचायचा मोह होतो. तो टाळावा. ठोकळा उभा ठेवला तर पट्टीच्या बाहेर जातो, आणि खिळा अचानक सुटला की आपला तोलही खाली जातो. ठोकळा पट्टीच्या लांबीत आडवा धरावा, खाचेत खिळा घ्यावा, नखं डोक्याखाली घट्ट सारावीत आणि दांडा पट्टीला समांतर, डावीकडे किंवा उजवीकडे ओढावा. ठोकळा दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं दाबून ठेवता येतो. जोर लागला की मग तो आपोआप दबून बसतो. झटका देऊ नये, वजन सावकाश वाढवावं.

दीडेक सेंटीमीटर खिळा वर आला की थांबावं. पुढे ओढलं तर मघाची कमान सुरू होते. हातोडी काढावी, पहिल्या ठोकळ्यावर १२ मिलिमीटरचा दुसरा तुकडा ठेवावा आणि पुन्हा डोक्याखाली नखं घालावीत. आपल्या खिळ्याचा अडीच सेंटीमीटरचा आतला भाग अशा दोन टप्प्यांत सरळ बाहेर येतो. दुसऱ्या टप्प्याला पकड निम्मीही नसते.

खिळ्याचं डोकंच उडालेलं असेल तर नखांच्या चिरेत नुसती दांडी धरावी लागते. चिरेच्या आतल्या कडा धारदार असतील तर त्या चावतात. वापरून गुळगुळीत झालेल्या हातोडीची नखं सुटतात आणि सुटताना लाकडावर ओरखडा काढतात. अशा वेळी हातोडीचा हट्ट सोडावा. ठोकळ्यावर पक्कड टेकवून, खिळा जबड्यात घट्ट धरून, पक्कड कलंडवत काढावा. तत्त्व तेच, टेकू ठोकळ्यावर.

खिळे उपटताना दांड्यावर ठोकण्यापेक्षा वेगळा ताण येतो. तो डोक्यातून दांडा हलवून सैल करतो. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या नॉर्विच गावच्या डेव्हिड मेडोल यानं १८४० च्या दशकात डोक्याचं भोक खाली नळीसारखं लांब केलं, म्हणजे दांड्याला पकड जास्त मिळाली. आजच्या बहुतेक लाकडी दांड्याच्या हातोड्यांत तीच रचना आहे. तरीही ओढण्याआधी डोकं हलवून पाहावं. सैल असेल तर ती हातोडी या कामाला नको.

इतकं करूनही थोडी चेप पडली तर ती पॉलिश नसलेल्या लाकडात बरीचशी उठवता येते. ओला कपडा ठेवून त्यावर गरम इस्त्री काही सेकंद टेकवली की दबलेले तंतू वाफेनं फुगतात. तुटलेले तंतू मात्र उठत नाहीत, आणि पॉलिशवर इस्त्री लावली तर पांढरा डाग पडतो. भोकाभोवती काळं कडं दिसलं तर ते मळाचं नसतं. लोखंड आणि लाकडातलं टॅनिन यांचा तो रंग आहे, घासून तो सहसा जात नाही. उरलेल्या भोकात त्याच लाकडाच्या भुशात थोडा फेव्हिकॉल कालवून भरावा, आणि पुढचं तोरण लावायला तीन-चार सेंटीमीटर बाजूला, आधी ड्रिलनं खिळ्यापेक्षा थोडं बारीक भोक पाडून, मगच नवा खिळा ठोकावा.