जुन्या फ्रिजची रास्त किंमत

‘३२,००० ला घेतला, चारच वर्षं वापरला, १५,००० ला देतोय.’ जाहिरातीतला ३२,००० हा आकडा आधी बाजूला ठेवा. तेवढ्याच लिटरचा, तशाच सोयींचा नवा फ्रिज आज सवलतीसह केवढ्याला मिळतो, ते बघा. समजा २५,००० ला मिळतो. हिशोब तिथून सुरू होतो.

किंमत दरवर्षी सारखी उतरत नाही. दुकानाबाहेर पडल्यावर पहिल्याच वर्षी ती सर्वांत जास्त पडते, कारण त्याच पैशांत थोडी भर घातली की गिऱ्हाइकाला वॉरंटीसकट नवी वस्तू मिळते. माझा ढोबळ ठोकताळा असा: पहिल्या वर्षी ३० टक्के, पुढे दरवर्षी उरलेल्या किमतीच्या १५ टक्के. म्हणजे १७,५००, मग साधारण १४,९००, १२,६०० आणि चौथ्या वर्षाअखेर १०,७००. टेम्पो-हमालीचे हजार-दीड हजार वजा केले, की साडेनऊ हजारांच्या आसपास बोलणी व्हावीत.

वय मात्र विक्रेत्याच्या तोंडून घेऊ नका. निर्मितीचा महिना-वर्ष फ्रिजवरच्या स्टिकरवर असतं. दाराच्या रबरात कागद अडकवून ओढा. अलगद निसटला तर रबर सैल आहे, त्याचा खर्च कापा. फ्रिज तासभर आधीपासून चालू ठेवायला सांगा. कॉम्प्रेसर घरघरत असूनही फ्रीझर थंड नसेल, तर हा ठोकताळा लागूच होत नाही. मग भंगाराचाच भाव.