आईच्या गटात मावशी: फोटोंतले चेहरे वेगळे ठेवणारा आकडा

हजारो फोटो व्यक्तीनुसार लावून देणारी सोय आता फोनवर आणि संगणकावर सर्रास मिळते. आजोबांच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं की त्यांचे सगळे फोटो समोर येतात. पण जरा खाली गेलं की आईच्या फोटोंत मावशी दिसते, किंवा एकाच नावाखाली तीन सख्खे भाऊ सापडतात. ही गल्लत बहुतेक वेळा एका आकड्यामुळे होते. दोन चेहरे किती सारखे असले म्हणजे ते एकाच माणसाचे समजायचे, हे तो आकडा ठरवतो. स्वतःच्या संग्रहासाठी तो कसा निवडावा, हे समजून घेतलं तर घराचा फोटोसंग्रह खरोखर विश्वासाचा होतो.

आधी चेहऱ्याचं काय होतं ते पाहू. प्रोग्राम फोटोतला चेहरा शोधतो, डोळे-नाक ठरावीक जागी येतील असा तो सरळ करून कापतो आणि त्यावरून आकड्यांची एक यादी तयार करतो. या यादीला एम्बेडिंग म्हणतात. डेव्हिस किंग यांनी २०१७ मध्ये खुल्या केलेल्या ‘डीलिब’च्या मॉडेलमध्ये ही यादी १२८ आकड्यांची असते. अक्षांश-रेखांश या दोन आकड्यांनी जसं गावाचं ठिकाण कळतं, तसं या १२८ आकड्यांनी चेहऱ्याचं ठिकाण कळतं. यातला एखादा आकडा नाकाची लांबी किंवा डोळ्यांचा रंग सांगत नाही. अर्थ असतो तो फक्त दोन ठिकाणांमधल्या अंतराला. एकाच माणसाचे चेहरे जवळ पडावेत आणि वेगवेगळ्या माणसांचे दूर, यासाठी हे मॉडेल सुमारे ३० लाख चेहऱ्यांवर शिकवलेलं आहे. शिकवतानाच ०.६ हे अंतर पायाभूत धरलं होतं. म्हणून त्यावर उभ्या असलेल्या `face_recognition` या लोकप्रिय साधनातही `tolerance` हा आकडा मुळात ०.६ असतो. अंतर त्याहून कमी असेल तर माणूस तोच, जास्त असेल तर वेगळा.

हा आकडा चुकीचा नाही, पण तो वेगळ्या कामासाठी तपासलेला आहे. या मॉडेलची अचूकता ९९.३८ टक्के सांगितली जाते. ती ज्या प्रसिद्ध चाचणीत मोजली, तिच्यात चेहऱ्यांच्या ६,००० जोड्या असतात, निम्म्या एकाच माणसाच्या आणि निम्म्या वेगवेगळ्या माणसांच्या. म्हणजे साधारण ३७ जोड्या चुकल्या. चाचणीसाठी हे उत्तमच आहे. पण तिथले फोटो मुख्यतः बातम्यांत झळकणाऱ्या व्यक्तींचे आहेत आणि वेगवेगळ्या माणसांच्या जोड्या सहसा एकमेकांशी नातं नसलेल्यांच्या आहेत. घरच्या अल्बममध्ये नेमकं उलट असतं. तिथे बहिणी, जावा, मायलेकी, भाऊ आणि त्यांची मुलं भरलेली असतात.

दुसरी अडचण संख्येची आहे. समजा, तुमच्या संग्रहात ५,००० चेहरे सापडले. प्रत्येक चेहरा इतर प्रत्येकाशी ताडून पाहायचा तर सुमारे सव्वा कोटी जोड्या होतात, आणि त्यातल्या बहुसंख्य वेगवेगळ्या माणसांच्या असतात. हजारात एकच जोडी चुकून ‘जवळ’ आली, तरी अशा चुकीच्या जोड्या बारा हजारांच्या आसपास जातात. दोन चेहरे ताडताना जी चूक नगण्य वाटते, ती संपूर्ण संग्रहाचे गट पाडताना डोंगराएवढी होते.

त्यातच चुका साखळीने वाढतात. चार चेहरे घेऊन हे पाहता येईल. पहिला आईचा, समोरून काढलेला स्वच्छ फोटो. दुसरा आईचाच लग्नातला, मुंडावळ्या बांधलेला आणि किंचित तिरपा. तिसरा मावशीचा, त्याच मांडवातला आणि तसाच तिरपा. चौथा मावशीचा, समोरून काढलेला. समजा, पहिला आणि दुसरा यांच्यात अंतर ०.४९ आहे, दुसरा आणि तिसरा यांच्यात ०.५२, तिसरा आणि चौथा यांच्यात ०.४७. पहिला आणि चौथा मात्र ०.६६ इतके दूर आहेत, म्हणजे समोरून पाहिल्यावर दोघी बहिणी वेगळ्या आहेत हे मॉडेललाही स्पष्ट कळतं आहे. आता मर्यादा ०.५५ ठेवली तर पहिला दुसऱ्याला, दुसरा तिसऱ्याला आणि तिसरा चौथ्याला जोडला जातो. आई आणि मावशी एकाच गटात येतात. मर्यादा ०.५० ठेवली तर दोन नेमके गट पडतात. ०.४५ वर आणली तर चारही चेहरे सुटे होतात.

गंमत अशी की ही साखळी सर्वस्वी वाईट नसते. आईचा वयाच्या पंचविशीतला फोटो आणि साठीतला फोटो एकमेकांपासून दूरच पडतात. मधल्या वर्षांचे फोटो एकमेकांना धरून असतात म्हणूनच ते एका गटात येतात. जी वाट आईला आईपर्यंत पोचवते, तीच अरुंद जागी मावशीपर्यंतही जाऊ शकते. म्हणून चांगली साधनं एका जोडीवर विसंबत नाहीत. मर्यादेच्या आत पुरेसे शेजारी असतील तरच त्या चेहऱ्यातून गट पुढे वाढू देणारी डीबीस्कॅन ही पद्धत १९९६ मध्ये मांडली गेली. ‘इमिच’ या खुल्या फोटोसाधनात याच धर्तीच्या दोन सेटिंग दिसतात, `Maximum recognition distance` आणि `Minimum recognized faces`. दुसरी सेटिंग वाढवली की एखाद-दुसऱ्या तिरप्या फोटोच्या आधाराने दोन माणसं जोडली जाण्याचा धोका कमी होतो. मात्र इमिचचं मॉडेल आणि अंतर मोजायची रीत दोन्ही डीलिबपेक्षा वेगळी आहेत. त्यामुळे एका साधनातला ०.५ दुसऱ्या साधनात जसाच्या तसा चालत नाही.

मग आपला आकडा कसा शोधायचा? यासाठी फोटोंमध्येच एक फुकटचा पुरावा दडलेला असतो. एकाच फोटोत दिसणारे दोन चेहरे वेगवेगळ्या माणसांचेच असतात. बारा जणांच्या एका समूहफोटोतून अशा ६६ जोड्या मिळतात आणि त्यासाठी कोणालाही नाव द्यावं लागत नाही. शिवाय या जोड्या कठीण असतात, कारण एकत्र फोटो काढणारे बहुधा नातेवाईकच असतात, आणि त्यांच्यावरचा प्रकाश आणि कॅमेराही एकच असतो. या सगळ्या जोड्यांची अंतरं मोजून लहानापासून मोठ्यापर्यंत लावा आणि सर्वांत लहान पन्नास जोड्या स्वतः डोळ्यांनी पाहा. अगदी वरच्या काही जोड्या खोट्या निघतील. कुठे आरशातलं प्रतिबिंब असेल, कुठे भिंतीवर त्याच माणसाची तसबीर असेल, कुठे एकच चेहरा दोनदा कापला गेला असेल. त्या वगळल्यावर पहिली खरी जोडी, बहुधा दोन बहिणींची किंवा बापलेकांची, समजा ०.४६ वर सापडली. आपली मर्यादा त्याच्या खाली असायला हवी.

दुसरी बाजू हाताने तपासावी लागते. दहा माणसं निवडून प्रत्येकाचे वीस फोटो वेगळे काढा. तरुणपणचे, म्हातारपणचे, चष्म्याचे, फेट्याचे असे सगळ्या तऱ्हांचे घ्या. प्रत्येकाच्या १९० जोड्या होतात. मर्यादा ०.४४ ठेवली तर यातल्या बऱ्याच जोड्या बाहेर राहतील आणि ते पाहून ती सैल करण्याचा मोह होईल. पण सगळ्या जोड्या आत यायची गरजच नाही. प्रत्येक फोटोला आपल्याच माणसाचे दोन-चार फोटो जवळ मिळाले की तो गटात येतो. म्हणून मोजायचं ते हे की वीसपैकी किती फोटो मुख्य गटात आले आणि उरलेले किती तुकड्यांत विखुरले.

या तपासणीलाही सीमा आहे. समूहफोटोंतून १,८०० जोड्या मिळाल्या आणि मर्यादेखाली एकही चूक दिसली नाही, तरी चुकीचं प्रमाण सहाशेत एक इतकं असूनही असं होऊ शकतं. सव्वा कोटी जोड्यांपुढे ही खात्री तोकडी पडते. म्हणून आकडा सापडल्यावर तो आणखी थोडा खाली ठेवावा आणि गट पाडून झाल्यावर तोच पुरावा पुन्हा वापरावा. एका गटात एकाच फोटोतले दोन चेहरे आले असतील तर तो गट बहुधा मिसळलेला आहे. मोठ्यात मोठे गट आधी तपासा, कारण साखळी लांबत जाते ती तिथेच.

काही चेहऱ्यांना कोणतीही मर्यादा पुरत नाही. मागे उभे असलेल्यांचे लहान, धूसर चेहरे एकमेकांजवळ पडतात. त्यांच्यातलं साम्य माणसांचं नसून धूसरपणाचं असतं. डीलिबचं मॉडेल १५० पिक्सेल रुंदीचा चेहरा घेतं. चाळीस पिक्सेलचा चेहरा तेवढा ताणला तर त्यात नवी माहिती येत नाही. असे चेहरे गट पाडण्याआधीच बाजूला काढावेत. लहान मुलांचं प्रकरण आणखी अवघड आहे. हे मॉडेल मुख्यतः प्रौढांच्या चेहऱ्यांवर शिकलेलं असल्यामुळे ०.६ वर मुलं सहज एकमेकांत मिसळतात, असं `face_recognition`च्या माहितीपत्रातच लिहिलं आहे. त्यामुळे मुलांचे फोटो वर्षानुसार वेगळे करून अधिक कडक मर्यादेने लावलेले बरे. एकसारखी दिसणारी जुळी भावंडं असतील तर त्यांची नावं घरच्यांनीच घालावीत.

कडक मर्यादेमुळे आईचे पाच गट पडतील. ते पाचही एका नावाखाली आणायला पाच मिनिटं लागतात. उलट आई आणि मावशी मिसळलेल्या आठशे फोटोंतून दोघींना वेगळं करायला फोटो न् फोटो पाहावा लागतो, आणि दोघींना ओळखणारं माणूस घरात उरलं नसेल तर ते कधीच होत नाही. म्हणून मर्यादा कडकच ठेवा, गट हाताने जोडा आणि शंका असेल तो चेहरा बिननावाचा राहू द्या. बिननावाच्या चेहऱ्याला उद्या कोणीतरी ओळखू शकेल, पण चुकीचं नाव मिळालेल्या चेहऱ्याकडे पुन्हा कोणी शोधक नजरेने पाहणार नाही.